अस्तर वहिनीला, वरचं कापड दादाला

माझ्या दादासारखा चांगला माणूस शोधून सापडणार नाही असं लोक म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं? चांगल्या माणसाच्या घरच्यांना विचारावं. लहानपणी आम्ही दोघं एका रजईत झोपायचो. तो ती रजई माझ्याकडे सरकवत राहायचा आणि सकाळी शिंकत उठायचा. आईला वाटायचं, मीच ओढून घेते. बोलणी मी खायची आणि कौतुक त्याचं व्हायचं. तेव्हापासून माझा त्याच्यावर राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे ज्यांना भाऊ आहे त्यांना सांगायला नको.

दादा पाणी शुद्धीकरण केंद्रात व्हॉल्व्ह सांभाळतो. पहिली पाळी सहाला सुरू होते. घरापासून केंद्र सव्वीस किलोमीटर, आणि त्या वेळेला तिकडे कुठलीच बस जात नाही. म्हणजे पावणेपाचला मोटरसायकलला किक. अर्धा रस्ता तलावाच्या कडेने जातो आणि थंडीच्या दिवसांत तिथे धुकं असं असतं की हेल्मेटची काच पुसून पुसून हातमोजा ओला होतो. अशी तेवीस वर्षं त्याने जीन्सच्या आत थर्मल घालून काढली. छातीशी, स्वेटरच्या आत, कालचं वर्तमानपत्र दुमडून ठेवायचा. त्यावरून केंद्रात त्याला सगळे ‘पेपरवाले’ म्हणतात. कागद वारा अडवतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते ज्ञान छातीपाशीच राहिलं, कमरेखाली काही उतरलं नाही.

केंद्राच्या फाटकापाशी गाड्या लावायची शेड आहे. तिथे थंडीभर एकच वाद चालायचा. एक पक्ष जीन्सवाल्यांचा, एक पँटवाल्यांचा. पँटवाल्यांचा पुढारी म्हणजे फिल्टर चालवणारा, दादाचा जुना दोस्त. तो अस्तराची रायडिंग पँट कपड्यांवरून चढवून यायचा, शेडमध्ये आला की बाजूची चेन घोट्यापासून मांडीपर्यंत सर्रकन उघडायचा, पँट खुंटीला टांगायचा आणि कोरड्या पायांनी कामाला लागायचा. जीन्सवाले त्याला अस्वल म्हणायचे. चालता येत नाही, बसलं की फुगते, ठेवायची कुठे, असं काय काय. दादाचं मत ठरलेलं होतं. “थर्मल पातळ असतं, म्हणून थंडी वाजते,” तो म्हणायचा. “तेच जाड असतं, तर जीन्ससारखं दुसरं काही नाही.”

हे मत नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते त्या मतापायी झालं.

मी मोटरसायकलवाल्यांच्या कपड्यांच्या दुकानात शिवते. पुढे हेल्मेटं आणि हातमोजे मांडलेले, मागे एका खिडकीची खोली. त्या खोलीत मी, माझं मशीन आणि लोकांच्या तुटलेल्या चेनी. तेव्हा या पँटांचं आतलं-बाहेरचं मला विचारा. बाहेरचं कापड दाट विणीचं, त्याला आतून पातळ पडदा चिकटवलेला. वारा त्यातून शिरत नाही. आत कापूसभरलं अस्तर. अस्तर काय करतं? हवा धरून ठेवतं. ऊब अस्तराची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते, आणि ती हवा जागेवर राहते ती बाहेरच्या कापडामुळे. बाहेरचं काढून घेतलं तर गाडी पळते तसा वारा ती हवा उडवून नेतो. जीन्सचं कापड जाडजूड दिसतं, पण वाऱ्याला ते चाळणीसारखं. आणि धुक्यात भिजलं की दुपारपर्यंत वाळत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. ज्याला माहीत नसतं त्याची चूक माफ असते. माझी नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी दुकानात एक पँट परत आली. चेन अडकत होती म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलेली. मालकाने ती मला दिली. अस्तर आत चेनने जोडलेलं, हवं तेव्हा काढता येणारं. चेन मी अर्ध्या तासात ठीक केली आणि पँट दादाला दिली. म्हटलं, तेवीस वर्षं कुडकुडलास, आता निवृत्तीपर्यंतचे तीन हिवाळे तरी सुखात जा.

दुसऱ्याच दिवशी तो पँट घेऊन दुकानात हजर. शिवणखोलीच्या दारात उभा राहून मशीनकडे बघत राहिला. दादाला काही मागायचं असलं की तो आधी कुठल्यातरी यंत्राचं कौतुक करतो.

“चांगलं चालतं गं तुझं मशीन.”

“काय हवंय?”

“हे अस्तर वेगळं निघतं ना? तर मग दोन पँटा झाल्या की. अस्तर तिला दे, वरचं मला ठेव.”

‘ती’ म्हणजे वहिनी. उन्हाळ्यात वहिनीला मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम लागलं होतं. रोजंदारीवर, पण सूचना लागली होती: संक्रांतीला यादी लागेल, तोपर्यंत ज्या बायका खाडा न करता येतील त्यांना कायम करणार. वहिनीचं वय बेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचं हजेरीचं कार्ड होतं. ते ती कणकेच्या हाताने धरायची नाही. दादा निवृत्त झाला की घर त्या कार्डावर चालणार, हे दोघांचं ठरलेलं होतं. इस्पितळ एकोणीस किलोमीटर. दादाची जुनी छोटी मोटरसायकल ती चालवायची, आणि पाळी सातची. थंडीत इतक्या सकाळी गाडी चालवायची तिची ही पहिलीच खेप होती.

मी दादाला म्हटलं, “अरे, वारा वरचं कापड अडवतं. नुसत्या अस्तरात काही राम नाही.”

“मग वारा मी अडवतो. ऊब तिला मिळू दे.” वर हसला. मोठा वाटा दुसऱ्याला दिला की त्याचा चेहरा उजळतो, तसा उजळला होता.

“ती जीन्सच्या आत घालणार?”

“हो. जाड थर्मलच झालं ना ते.”

त्या दिवशी माझ्यापुढे सात पँटांचा ढीग होता आणि मालक तिसऱ्यांदा डोकावून गेला होता. मी वैतागले. एकदा सांगून झालं होतं, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? “बरं, मग तिला सांग, जीन्सवर पावसाळी पँट चढव,” एवढं म्हणाले. तो हो म्हणाला. दादा सगळ्यालाच हो म्हणतो. मी अस्तराला कमरेत इलॅस्टिक घातलं, वहिनीच्या मापाने खालून चार बोटं कापलं, आणि जीन्सखाली बसावं म्हणून गुडघ्यात आवळलं. माझ्या हाताने. शिवण इतकी सरळ आली होती की मी स्वतःवरच खूश झाले.

हिवाळा सुरू झाला. दादा केंद्रात आपलं जुनं थर्मल, त्यावर जीन्स आणि त्यावर ते वरचं कापड असं घालून जायला लागला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे पाय गरम पोचले. शेडमध्ये जाऊन त्याने पक्ष बदलला. फिल्टरवाल्याने त्याला चहा पाजला. घरी येऊन तो वहिनीला सांगायचा, “माझ्या या पिशवीत एवढं बरं वाटतं, मग तुझ्या अस्तरात तर तू भट्टीतच बसल्यासारखी असशील. ऊब आहे ना?”

वहिनी म्हणायची, “छान आहे.”

मी एक-दोनदा घरी गेले तेव्हा वहिनीने पाय चुलीच्या बाजूला लांब केलेले होते. बोटं लाल होती. मी म्हटलं, “काय झालं गं?” ती म्हणाली, “धुलाईघरात पाण्यात उभं राहावं लागतं ना, ताई.” मला ते पटलं. आपल्याला सोयीचं असतं ते लगेच पटतं.

खरं काय होतं ते पुढे कळलं. गाडीवर बसलं, गुडघा वाकला, की जीन्स गुडघ्यावर ताणून बसायची आणि मी आवळलेलं अस्तर दाबून चपटं करायची. जिथे वारा सगळ्यात जास्त लागतो, नेमकी तिथेच हवा धरायला जागा नाही. धुक्यात जीन्स पुढून ओली. इस्पितळात पोचल्यावर ते अस्तर काढायचं तर अख्खी जीन्स उतरवायला हवी, आणि बायकांना कपडे बदलायला तिथे एक कोपरा नाही. म्हणून ते अंगावर ठेवूनच ती वाफेत दिवसभर चादरी काढायची. घामाने अस्तर आतून भिजायचं. घरी आल्यावर ती ते दोरीवर टाकायची, आणि थंडीच्या रात्रीत ते पुरतं वाळायचं नाही. सकाळी तसंच दमट पायात. दादाच्या पँटला असलं काही नव्हतं. ती फाटकाशी उतरायची आणि खुंटीवर वाळायची.

मग बोलली का नाही? कारण तिला वाटत होतं, थंडी अशीच असते. आधीचा हिवाळा तिने गाडीवर काढलाच नव्हता, तुलना कशाशी करणार? आणि दादाने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, की पाय बधिर होणं हे सगळ्यांचंच होतं, मला तेवीस वर्षं होत होतं. यादी लागायला सोळा दिवस राहिले होते. एकही खाडा नव्हता.

त्या सकाळी धुकं दाट होतं. इस्पितळाच्या फाटकाशी अडसर खाली होता. वहिनीने गाडी थांबवली आणि डावा पाय खाली टेकवला. म्हणजे टेकवला असं तिला वाटलं. पायाला जमीन लागली की नाही ते तिला कळलंच नाही, आणि गुडघा आखडलेला होता तो सरळ झाला नाही. उभ्या गाडीसकट ती कोसळली, गाडी पायावर. कोणी धडक दिली नाही, काही नाही. दरवान म्हणाला, “बाई आपोआप पडल्या.”

मी पोचले तेव्हा नर्सने जीन्स कात्रीने कापली होती. अस्तर एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मी पिशवीत हात घातला. पुढची बाजू, मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत, ओली आणि गार. 

“वहिनी, वर पावसाळी पँट नव्हती घातलीस?”

“कुठली पँट? माझा तो लांब रेनकोट आहे. तो गाडीवर गुडघ्यापाशी उघडतो, म्हणून घालत नाही.”

दादाने सांगितलं नव्हतं. विसरला असेल, किंवा त्याला ते गरजेचं वाटलं नसेल. अस्तर दिलं म्हणजे सगळं दिलं. आणि तिच्याकडे पावसाळी पँट नाहीच, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. मग मी तिला सगळं सांगितलं. वारा, कापड, हवा, सगळं. ती छताकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे ऊब त्यांच्याकडे होती?”

“हो.”

 मग म्हणाली, “त्यांना सांगू नका, ताई.”

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, चार महिने तरी पट्टा, आणि पुढेही उभ्याने करायचं काम नको. धुलाईघरात बसून करायचं काम नसतं. यादी ठरल्या दिवशी लागली. मुकादम चांगला होता, घरी येऊन हजेरीचं कार्ड परत मागताना दोन मिनिटं चपला काढून बसला. वहिनीने ते उशीखालून काढून दिलं. दादा चहा करत होता. त्याने चांगल्या कपात चहा आणला आणि मुकादमाला दुसरा कप घ्यायचा आग्रह केला.

आठवडाभराने दादा दुकानात आला, हातात पँट आणि अस्तर. दोन्ही धुऊन घड्या घातलेल्या. या वेळी मशीनचं कौतुकही केलं नाही.

“हे परत जोडून दे. ती बरी झाली की आख्खी पँट तिलाच घालू दे. मी आपला थर्मलवर जाईन, मला सवय आहे.”

“जोडता येणार नाही. मी कापलंय ते.”

“थोडं कापड लावून?”

“दादा, नाही येणार.”

“अगं, तेवढं अस्तरच तर आहे. मागच्या वेळी सगळी ऊब तिच्याकडेच होती, तरी...” तो थांबला आणि माझ्याकडे समजूत काढल्यासारखं बघायला लागला. “नशीब. दुसरं काय.”

ते ‘नशीब’ माझ्या डोक्यात गेलं. वहिनीला दिलेला शब्द, भाऊ, सगळं बाजूला पडलं. “नशीब नाही,” मी म्हणाले. “ऊब तिच्याकडे नव्हतीच. तुझ्याकडे होती. वारा अडवणारं कापड तुझ्या पायावर होतं. तिला तू चिंधी दिलीस आणि रोज विचारत राहिलास.”

त्याने टेबलावरून दोन्ही वस्तू उचलल्या, नीट पिशवीत घातल्या आणि गेला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई म्हणायची. पण हे मी न राहवून बोलले नव्हते, त्याला लागावं म्हणून बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. पँटचं वरचं कापड खुंटीवरच होतं आणि पिशवीतलं अस्तर नव्हतं. दादा काडीसारखा बारीक आहे. वहिनीच्या मापाचं अस्तर त्याला पोटरीपर्यंत आलं असणार, पण आलं. ते जीन्सच्या आत घालून तो सव्वीस किलोमीटर गेला होता.

दुपारी तो परतला तेव्हा मी तिथेच होते. गाडीवरून उतरताना त्याने हँडल धरून ठेवलं, मग पाय हाताने उचलून पलीकडे टाकला. आत येऊन वहिनीच्या खाटेच्या पायथ्याशी बसला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, हे तिला तेव्हाच कळलं.

“तलाव यायच्या आधीच गुडघे गेले,” तो म्हणाला. “तलावापुढे गिअर पायाला लागत नव्हता, खाली बघून टाकत होतो. मी एकच दिवस गेलो. तू बावन्न दिवस गेलीस.” मग अगदी हळू म्हणाला, “बावन्न वेळा मी विचारलं असेल.”

“विचारत होतात म्हणूनच ‘छान आहे’ सांगत होते,” वहिनी म्हणाली.

मला वाटलं, आता रडतील, मग जेवतील, मग हळूहळू काहीतरी मार्ग निघेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही दादा अस्तर घालूनच गेला. तिसऱ्याही. वरचं कापड खुंटीवर धूळ खात पडलं. फिल्टरवाल्याचा मला फोन आला: पेपरवाल्यांना काय झालंय, शेडमध्ये गाडी लावून दहा मिनिटं नुसते उभे असतात, व्हॉल्व्ह फिरवताना पाय धरून बसतात. साहेबांनी पाहिलं तर वैद्यकीय तपासणीला पाठवतील. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या तपासणीला गेलेला माणूस परत पाळीवर येत नाही. घरात उरलेली एकुलती एक कमाई ती. मी दादाला समजावलं, ओरडले, अस्तर लपवूनही ठेवलं. त्याने शोधून काढलं. वाद घालत नाही, हो म्हणतो, आणि सकाळी घालून जातो.

शेवटी मी वहिनीपाशी गेले. म्हटलं, “माझं ऐकत नाही. तू एक शब्द टाक, तुझं ऐकेल. उद्या त्याचाही गुडघा गेला तर तुम्ही दोघं करणार काय?”

वहिनी पट्ट्याची पकड सोडून पुन्हा आवळत होती. सकाळ-संध्याकाळ ते करावं लागतं.

“मला माहीत आहे, ताई. मी एकदा म्हटलं की ते थांबतील,” ती म्हणाली. “रोज पहाटे किक ऐकते तेव्हा ठरवते, उद्या म्हणायचं. पण मला त्यांचा इतका राग आलाय. माझ्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नाही. गार लागू दे त्यांना थोडं.”

मी तिथेच बसून राहिले. थंडी संपायला अजून पाच आठवडे होते.